लोहयुक्त नमुन्यासाठी एक्स-रे ट्यूबचा अ‍ॅनोड कसा निवडावा: खानापूरच्या जांभ्याच्या उदाहरणासह

खानापूर, जांभोटी, कणकुंबी भागातला जांभा, लाल माती, बॉक्साइट शुद्धीकरणानंतर उरणारा लाल गाळ, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे ओतीव तुकडे. बेळगाव परिसरात खनिजं ओळखायला एक्स-रे डिफ्रॅक्शनसाठी येणाऱ्या अशा नमुन्यांत लोह भरपूर असतं. बहुतेक यंत्रांवर मात्र तांब्याची, म्हणजे तांब्याच्या अ‍ॅनोडची, ट्यूब असते. मग आलेखाचा तळ वर उचललेला येतो, बारीक शिखरं त्यात बुडतात, आणि कुणीतरी सुचवतं, "मोनोक्रोमेटर लाव, डिटेक्टरची खिडकी आवळ, झालं." आलेख खरोखर स्वच्छ दिसू लागतो. पण त्यातून काढलेलं हेमेटाइटचं प्रमाण तरीही कमीच निघतं. तळ स्वच्छ करणं आणि लोहाने किरण गिळणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा फक्त अ‍ॅनोड बदलूनच सुटतो.

खालचा क्रम पावडर डिफ्रॅक्शनसाठी आहे. ट्यूब बदलण्याचं काम प्रशिक्षित माणसानेच, हाय व्होल्टेज आणि शटर बंद करून करावं.

## टप्पा 1: ट्यूबला हात लावण्याआधी नमुन्यात काय आहे ते पाहा

आधी एक्सआरएफवर, म्हणजे मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, किंवा रासायनिक चाचणीत चार मूलद्रव्यांची टक्केवारी काढा: लोह, मँगनीज, टायटॅनियम, क्रोमियम. अंदाजे आकडेही चालतील. रंगावरून मात्र ठरवू नका. दोन-तीन टक्के हेमेटाइटही माती लालभडक करतं, आणि गोथाइट भरपूर असलेला नमुना नुसता पिवळसर दिसू शकतो.

प्रत्येक मूलद्रव्याची एक शोषण-कड असते. आलेल्या किरणाची ऊर्जा कडेच्या किंचित वर असली, की मूलद्रव्य तो किरण जोरात गिळतं आणि बदल्यात स्वतःचे किरण सगळ्या दिशांना फेकतं. तेच फ्लोरेसन्स. ऊर्जा कडेच्या खाली असली तर त्या कडेवरून होणारं हे सगळं टळतं. म्हणून ट्यूब निवडताना तिच्या मुख्य किरणाची, म्हणजे के-अल्फाची, ऊर्जा आणि मूलद्रव्याची कड हे दोनच रकाने शेजारी ठेवून वाचायचे.

| अ‍ॅनोड | के-अल्फाची ऊर्जा (केईव्ही) | | मूलद्रव्य | के-कड (केईव्ही) |
|---|---|---|---|---|
| तांबं | 8.05 | | लोह | 7.11 |
| कोबाल्ट | 6.93 | | मँगनीज | 6.54 |
| लोह | 6.40 | | क्रोमियम | 5.99 |
| क्रोमियम | 5.41 | | टायटॅनियम | 4.97 |

तांब्याचा किरण लोहाच्या कडेच्या जेमतेम वर पडतो, म्हणजे नेमक्या नको त्या जागी. कोबाल्टचा कडेच्या थोडा खाली पडतो. आकड्यांत पाहिलं तर शुद्ध लोहाचा वस्तुमान-शोषणांक तांब्याच्या किरणासाठी 300 च्या आसपास आहे, कोबाल्टच्या किरणासाठी 55 ते 60 (सेंमी² प्रति ग्रॅम). हा पाचपटीचा फरक डिटेक्टरच्या कुठल्याच सेटिंगमध्ये भरून निघत नाही.

तपासणी: लोह सुमारे 5 टक्क्यांच्या आत असेल आणि फक्त खनिजं ओळखायची असतील, तर तांब्याची ट्यूब ठेवा आणि टप्पा 4 ला जा. लोह त्याहून जास्त असेल किंवा प्रमाण काढायचं असेल, तर पुढे वाचा.

## टप्पा 2: अ‍ॅनोड ठरवा

लोह आहे आणि मँगनीज नगण्य आहे, तर कोबाल्ट. जांभा, लाल माती, लाल गाळ या सगळ्यांसाठी हेच उत्तर.

मँगनीजही भरपूर असेल तर मात्र कोबाल्ट फसवतो. त्याचा 6.93 चा किरण मँगनीजच्या 6.54 च्या कडेच्या वर आहे, त्यामुळे लोहाचा त्रास मिटतो आणि मँगनीजचा सुरू होतो. जोयडा-सुपा बाजूचं मँगनीज खनिज आणणाऱ्यांनी हे आधीच पाहावं. लोहाची ट्यूब दोन्ही कडांच्या खाली राहते, पण ती क्वचितच कुणाकडे असते. नसेल तर कोबाल्टच ठेवून डिटेक्टरची खिडकी नीट लावावी. मँगनीजचे किरण 5.90 ला असतात, म्हणजे कोबाल्टपासून एक केईव्हीने लांब, त्यामुळे ते काही प्रमाणातच छाटता येतात.

क्रोमियमची ट्यूब ही धातूवाल्यांची. कडक केलेल्या पोलादातलं उरलेलं ऑस्टेनाइट मोजायची एएसटीएम ई975 ही पद्धत क्रोमियमच्या किंवा मॉलिब्डेनमच्या किरणांवर बेतलेली आहे. उच्च-क्रोमियम ओतीव लोखंडासाठीही तीच बरी, कारण तिथे कोबाल्टचा किरण क्रोमियमला चेतवतो. मातीसाठी मी ती सुचवणार नाही. एक तर हवाच तिचा किरण खाते. नमुन्यापर्यंत आणि पुढे डिटेक्टरपर्यंत मिळून 48 सेंमी हवा धरली, तर तांब्याचा निम्म्याहून थोडा जास्त किरण पोचतो, कोबाल्टचा सुमारे 40 टक्के आणि क्रोमियमचा जेमतेम 15. शिवाय आपल्या बेसाल्टवरच्या जांभ्यात टायटॅनियम असतं, आणि क्रोमियमचा किरण त्याच्या कडेच्या नेमका वर पडतो.

सावधान: कोबाल्टच्या ट्यूबची कमाल शक्ती तांब्याच्या ट्यूबपेक्षा कमी असते. तांब्यासाठी ठरलेले किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर तसेच ठेवू नका, ट्यूबवरच्या पट्टीवरची मर्यादा वाचून लावा.

## टप्पा 3: फिल्टर बदला, आणि योग्य बाजूला लावा

सर्वाधिक चुका इथेच होतात. ट्यूब बदलली जाते आणि निकेलचा फिल्टर तसाच राहतो.

फिल्टरचं काम ट्यूबचा दुय्यम किरण, म्हणजे के-बीटा, कापणं. त्यासाठी फिल्टरची कड के-अल्फा आणि के-बीटा यांच्या दरम्यान हवी. निकेलची कड 8.33 ला आहे, तांब्याच्या 8.05 आणि 8.91 यांच्या मध्ये, म्हणून तिथे तो चालतो. कोबाल्टच्या दोन्ही रेषा (6.93 आणि 7.65) निकेलच्या कडेखाली आहेत. तो फिल्टर के-बीटापेक्षा के-अल्फाच जास्त अडवतो. कोबाल्टला लोहाचा फिल्टर लागतो. लोहाची पत्री 16 मायक्रॉनची असेल तर के-अल्फा साधारण निम्मा पार होतो आणि के-बीटा शंभरात एक.

आता बाजू. कोबाल्टचा के-बीटा 7.65 चा, म्हणजे लोहाच्या कडेच्या वर. नमुन्यापर्यंत पोचला की तो तिथल्या लोहाला चेतवणारच. ट्यूबचे पांढरे, म्हणजे सगळ्या ऊर्जांचे मिश्र, किरणही तेच करतात. म्हणून लोहाचा फिल्टर ट्यूबच्या बाजूला, नमुन्याच्या आधी लावा. डिटेक्टरसमोर लावला तर चेतवणं आधीच होऊन गेलेलं असतं, वर फिल्टरमधल्या लोहाचं स्वतःचं फ्लोरेसन्स थेट डिटेक्टरमध्ये जातं.

तांब्याच्या ट्यूबला उलट. तिथे निकेल डिटेक्टरच्या बाजूला बरा, कारण 20 मायक्रॉनचा निकेल तांब्याचा किरण सुमारे 43 टक्के सोडतो आणि लोहाचं फ्लोरेसन्स सुमारे 20 टक्के. म्हणजे फायदा दुपटीचा, त्याहून जास्त नाही. "निकेल लावलाय म्हणजे लोहाचा प्रश्न मिटला" हे म्हणूनच खरं नाही.

ग्राफाइट मोनोक्रोमेटर असेल तर फिल्टर काढा आणि मोनोक्रोमेटर नव्या तरंगलांबीला लावून घ्या. तांब्यासाठी त्याचा कोन 26.6° असतो, कोबाल्टसाठी 31.0°. तांब्यावर लावलेला तसाच राहिला तर कोबाल्टचा आलेख जवळजवळ कोरा येतो, आणि लोक ट्यूबला दोष देतात.

## टप्पा 4: डिटेक्टरची खिडकी

पट्टीच्या सिलिकॉन डिटेक्टरला कोणत्या ऊर्जेचे किरण मोजायचे ते खालच्या आणि वरच्या मर्यादेने सांगावं लागतं. आकडा कुणाकडून उसना घेऊ नका, आपल्या यंत्रावर काढा:

1. लोहाने भरलेला एक नमुना घ्या आणि शिखर नसलेल्या कोनावर डिटेक्टर ठेवून 60 सेकंद मोजा. ही फ्लोरेसन्सची मोजणी.
2. शुद्ध क्वार्ट्झ किंवा सिलिकॉनच्या मोठ्या शिखरावर तेवढाच वेळ मोजा. हा खरा संकेत.
3. खालची मर्यादा थोडी थोडी वर चढवत दोन्ही आकडे लिहा.
4. फ्लोरेसन्स झपाट्याने पडतं आणि संकेत अजून फारसा पडत नाही, तिथे थांबा.

तांब्याच्या ट्यूबला हे जमतं, कारण 8.05 आणि लोहाचे 6.40 यांत 1.6 केईव्हीचं अंतर आहे. साधा पट्टी-डिटेक्टर तेवढं जेमतेम वेगळं करतो, थोडा संकेतही जातो. कोबाल्टला मात्र लोहाचे किरण फक्त अर्ध्या केईव्हीवर असतात. तिथे खिडकीने ते छाटायचा प्रयत्न केलात तर कोबाल्टचेच किरण माराल. म्हणून कोबाल्टला फिल्टरची बाजू इतकी महत्त्वाची.

तपासणी: ट्यूब बदलल्यावर खालची मर्यादा परत खाली आणली का? तांब्यासाठी ती 7 च्या वर चढवलेली असेल तर 6.93 चा कोबाल्ट बाहेरच राहतो. मोजणी अचानक खूप घटली तर आधी हे पाहा.

## टप्पा 5: नमुना दळणं आणि भरणं

शोषणाचा प्रश्न इथे हाताला लागतो. हेमेटाइटच्या एका कणातून के-अल्फा किती पार होतो, याचा हिशोब असा:

- 5 मायक्रॉनचा कण: तांब्याचा 57 टक्के, कोबाल्टचा 89 टक्के.
- 20 मायक्रॉनचा कण: तांब्याचा 10 टक्के, कोबाल्टचा 62 टक्के.

शेजारच्या केओलिनाइटच्या 20 मायक्रॉनच्या कणातून तांब्याचा 85 टक्के आणि कोबाल्टचा 78 टक्के पार होतो. म्हणजे तांब्याच्या ट्यूबखाली हेमेटाइटचा कण स्वतःच्याच सावलीत बसतो आणि केओलिनाइट उजेडात. हेमेटाइट कमी आणि माती जास्त मोजली जाते. कोबाल्टखाली दोघं बऱ्यापैकी एका पंगतीत बसतात. तरीही दळण बारीक हवंच.

अ‍ॅगेटच्या खलात, इथेनॉल घालून दळा. पोलादी गोळ्यांची चक्की वापरू नका, तिचं लोखंड नमुन्यात उतरतं. कोरडं आणि जास्त वेळ दळणं जांभ्याला मानवत नाही: गिब्साइट आणि गोथाइट बिघडतात, त्यांची शिखरं पसरट होतात. बोटांत चिमटून पाहिल्यावर खरखर लागत असेल तर दळण अपुरं आहे.

भरताना एक नवी अडचण येते. कोबाल्टचा किरण खोल जातो. शुद्ध, भरीव हेमेटाइटमध्ये तांब्याचा किरण सुमारे 9 मायक्रॉनवर एक-तृतीयांशाच्या थोडा वर उरतो, कोबाल्टचा 42 मायक्रॉनवर. पावडर पोकळ बसते, म्हणून मोठ्या कोनांवर हेमेटाइटचा थर किमान 0.2 मिमी आणि केओलिनाइटचा 0.35 मिमी हवा. काचेवर अल्कोहोलने लेप दिला की तो पुरत नाही, मोठ्या कोनांची शिखरं खुजी येतात. 1 मिमी खोल खाच असलेला होल्डर घ्या आणि मागून भरा. वरून काचेने दाबलंत तर केओलिनाइटचे पापुद्रे आडवे बसतात आणि त्याचं पहिलं शिखर खोटं उंच होतं.

## टप्पा 6: मोजमापाचा पल्ला आणि तरंगलांबी

कोबाल्टला सगळी शिखरं मोठ्या कोनांकडे सरकतात. तांब्यावर 5 ते 70 मोजत असाल, तर तोच पल्ला कोबाल्टवर 5 ते 84 अंशांचा होतो. सवयीने 70 वर थांबलात तर शेवटची शिखरं हातची जातात.

सॉफ्टवेअरमध्ये तरंगलांबी बदला: के-अल्फा-1 साठी 1.7890 अँगस्ट्रॉम, के-अल्फा-2 साठी 1.7929. मोजणी सुरू होण्याआधीच बदला, म्हणजे फाइलमध्येच ती लिहिली जाईल. नाहीतर पुढे कुणीतरी ती तांब्याची समजून उघडेल.

तपासणी: क्वार्ट्झचं मुख्य शिखर कोबाल्टवर 31.0° ला दिसायला हवं. सॉफ्टवेअर त्याचं डी-मूल्य 3.34 ऐवजी 2.88 सांगत असेल, तर तरंगलांबी अजून तांब्याचीच आहे.

## टप्पा 7: एक उदाहरण पूर्ण करून

समजा कणकुंबीकडच्या घाटमाथ्यावरचा जांभा आलाय. एक्सआरएफ म्हणतं: Fe₂O₃ 40 टक्के, टायटॅनियम ऑक्साइड 4, मँगनीज आणि क्रोमियम नावापुरते. प्रश्न असा की हेमेटाइट, गोथाइट, गिब्साइट, केओलिनाइट यांचं प्रमाण किती.

लोह जास्त आणि मँगनीज नाही, म्हणून कोबाल्ट. ट्यूबच्या बाजूला लोहाचा फिल्टर, डिटेक्टरची मर्यादा खाली, पल्ला 5 ते 84. पहिल्या आलेखात शोधायची शिखरं: केओलिनाइट 14.4°, गिब्साइट 21.3°, गोथाइट 24.7°, अ‍ॅनाटेझ 29.4°, क्वार्ट्झ 31.0°, हेमेटाइट 38.7° आणि 41.6°. गोथाइटच्या जाळीत अ‍ॅल्युमिनियम शिरलेलं असेल तर त्याचं शिखर किंचित मोठ्या कोनाकडे सरकतं. जांभ्यात हे नेहमीचं आहे, त्यासाठी यंत्राला दोष देऊ नका.

आता 28.1° कडे पाहा. तिथे हेमेटाइटचं एक छोटं शिखर असतं. दुर्दैवाने क्वार्ट्झच्या मुख्य शिखराची के-बीटाची सावलीही नेमकी तिथेच पडते. फिल्टर विसरला असेल किंवा निकेलचा राहिला असेल, तर वाळूच्या नमुन्यातही तिथे टेकाड दिसतं आणि "हेमेटाइट आहे" असा निष्कर्ष निघतो. खात्री अशी करायची: 28.1° चं शिखर हेमेटाइटचं असेल तर 38.7° ला त्याच्या तिपटीहून थोडं मोठं शिखर असलंच पाहिजे. 38.7° वर काहीच नसेल आणि 31.0° ला क्वार्ट्झ डोंगराएवढा असेल, तर ती सावली आहे. शंका उरली तर शुद्ध क्वार्ट्झ त्याच सेटिंगवर चालवा. 28.1° सपाट आलं तर फिल्टर ठीक.

तळ अजूनही वर असेल तर क्रमाने तीन गोष्टी पाहा: फिल्टर खरोखर ट्यूबच्या बाजूला आहे का, एक्सआरएफमध्ये मँगनीज किंवा क्रोमियम नजरेतून सुटलं का, आणि ट्यूबवर किलोव्होल्ट उगाच जास्त ठेवलेत का. व्होल्टेज वाढलं की पांढरे किरण वाढतात आणि तेही लोहाला चेतवतात. 40 वरून 35 किलोव्होल्टवर येऊन तोच नमुना पुन्हा चालवा आणि शिखर भागिले तळ हे गुणोत्तर दोन्हीकडे काढा. नुसती उंची पाहून ठरवू नका, ती दोन्हीकडे बदलते.

## तांब्याशिवाय दुसरी ट्यूबच नसेल तर

खनिजं ओळखण्यापुरतं काम असेल तर खिडकी किंवा मोनोक्रोमेटर लावा, मोजणीचा वेळ तिप्पट करा आणि नमुना फिरवणारा होल्डर वापरा. किरण वरच्या काही मायक्रॉनमध्येच संपतो, त्यामुळे मोजणीत येणारे कण थोडे असतात. फिरवल्याने ती उणीव काहीशी भरून येते.

प्रमाण काढायचं असेल तर दळण 5 मायक्रॉनच्या खाली न्या आणि अहवालात ट्यूब, फिल्टर आणि कणांचा आकार लिहा. मग डिफ्रॅक्शनमधून आलेल्या हेमेटाइट आणि गोथाइटमध्ये मिळून किती लोह बसतं ते मोजा आणि एक्सआरएफच्या लोहाशी ताडून पाहा. वरच्या जांभ्यात डिफ्रॅक्शन 28 टक्के Fe₂O₃ सांगत असेल आणि एक्सआरएफ 40, तर मधल्या 12 टक्क्यांना "अस्फटिक लोह" म्हणून मोकळं होऊ नका. आधी तोच नमुना कोबाल्टवर चालवून मिळतो का ते पाहा. तिथेही फरक उरला, तर अस्फटिक लोहाबद्दल बोलता येईल.